चहाच्या पाकिटाचे रंग आणि अक्षरे

सेंद्रिय चहाच्या नव्या ब्रँडसाठी रंग निवडताना हात आधी हिरव्याकडेच जातो. पण दुकानाच्या फळीवर सेंद्रिय डाळ, तेल, साबण सगळेच हिरव्या वेष्टनात असते आणि नवे पाकीट त्यात हरवते. काळ्या चहाची पत्ती तर हिरवी नसतेच. ती काळपट तपकिरी असते आणि कोरा चहा तांबूस उतरतो. तो तांबूस रंगच ब्रँडची ओळख व्हावा, हिरव्याने मागे राहावे.

समजा, असा काळा चहा खाकी क्राफ्ट कागदाच्या पाकिटात विकायचा आहे. त्याला तीन रंग पुरतात: पार्श्वभूमीला सायीचा #F6F0E0, मजकुराला गर्द हिरवा #1F3D2B आणि उठावाला तांबूस #B5651D. वेबसाइटवर बारीक मजकूर वाचता यावा म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 असावे, असा वेब सुगम्यतेचा रूढ निकष आहे. सायीवर गर्द हिरवा 10 च्या पुढे जातो. तांबूस मात्र 3.8 वरच अडतो. मोठ्या शीर्षकाला 3 पुरते, त्यामुळे तिथे तो चालतो. किंमत किंवा लिंक लिहायला त्याचीच गडद छटा #9A5215 घ्यावी, ती 5 ओलांडते.

कागदावर अडचण वेगळी येते. छपाईची नेहमीची शाई पारदर्शक असते, त्यामुळे खालचा खाकी रंग तिच्यातून डोकावतो. तांबूस मळकट होतो आणि सायीचा रंग जवळजवळ नाहीसाच होतो. त्यावर खाली पांढऱ्या शाईचा थर देता येतो. माल थोडा असेल तर सायीच्या रंगाचे छापील लेबल चिकटवणे अधिक सोयीचे. गर्द हिरवा मात्र थेट खाकीवरही छान उठतो.

अक्षरांच्या जोडीत एक फॉन्ट बोलका आणि दुसरा कष्टाळू हवा. नावासाठी टिरो देवनागरी मराठी शोभतो: त्याच्या रेषांत जाड-बारीक चढउतार आहे आणि ल, श मराठी वळणाचे आहेत. पण त्यात ठळक वजन नाही. वेबसाइटवर तो ठळक करायला गेल्यास ब्राउझर नकली जाडी चढवतो आणि जोडाक्षरे बुजतात. म्हणून घटक, वजन, किंमत, कृती हे सारे मुंबईच्या एक टाइपने घडवलेल्या मुक्ताकडे सोपवावे. त्यात सात वजने आहेत आणि रोमन अक्षरेही त्याच घडणीची आहेत. वेलांट्या-उकारांना जागा लागते, तेव्हा ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे.

छपाईची ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर नमुना काढून घ्यावा आणि तो उन्हात व दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहावा; पडद्यावर पाहून रंग मंजूर करू नये.