लाल चेंडूच्या मागे जाणारा रोबो

कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवलेला असतो. लाल चेंडू सावलीत गेला की हे तिन्ही आकडे एकदम उतरतात, त्यामुळे त्यांच्या आधारे ‘लाल’ ठरवणे अवघड होते. म्हणून ओपनसीव्हीमध्ये चित्र आधी एचएसव्ही पद्धतीत बदलून घेतात. त्यात रंगाची छटा, तिचा गडदपणा आणि उजेड वेगवेगळे मोजले जातात. सावलीत मुख्यतः उजेडाचा आकडा घटतो. छटा फारशी हलत नाही.

छटा ३६० अंशांच्या वर्तुळावर मोजतात. पण आठ बिटांत २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून ओपनसीव्ही अंश निम्मे करून छटा ० ते १७९ मध्ये बसवते. लाल रंग नेमका या वर्तुळाच्या सांध्यावर येतो, काही शून्याच्या पुढे तर काही १७९ च्या अलीकडे. त्यामुळे लाल चेंडूसाठी दोन पट्टे निवडून ते जोडावे लागतात:

```python
hsv = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_BGR2HSV)
m1 = cv2.inRange(hsv, (0, 120, 70), (10, 255, 255))
m2 = cv2.inRange(hsv, (170, 120, 70), (179, 255, 255))
mask = cv2.bitwise_or(m1, m2)
```

ओपनसीव्ही चित्रात निळा आकडा आधी ठेवते. इथे चुकून `COLOR_RGB2HSV` लिहिले, तर लाल-निळ्याची अदलाबदल होते आणि रोबो निळ्या वस्तूमागे धावतो. गडदपणाची खालची मर्यादा १२० ठेवण्यालाही कारण आहे. फिकट, राखाडी भागात छटेचा आकडा भरवशाचा नसतो आणि तो भाग वगळलेलाच बरा.

तयार झालेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रात चेंडू पांढरा दिसतो. त्यातले सुटे ठिपके `cv2.erode` ने पुसून `cv2.dilate` ने उरलेला आकार पूर्ववत करतात. मग सर्वांत मोठ्या पांढऱ्या डागाभोवती वर्तुळ बसवून त्याचे केंद्र आणि त्रिज्या काढतात.

समजा चित्र ३२० ठिपके रुंद आहे आणि चेंडूचे केंद्र २२० वर आहे. चित्राचा मध्य १६०, म्हणजे चेंडू ६० ठिपके उजवीकडे. या फरकाला ०.५ ने गुणले की ३० येतात. दोन्ही चाकांचा मूळ वेग १०० असेल, तर डाव्या चाकाला १३० आणि उजव्याला ७० दिला की रोबो उजवीकडे वळतो. चेंडू मध्यावर येत जातो तसे वळणही आपोआप सौम्य होते. गुणक फार मोठा घेतला, तर रोबो मध्य ओलांडून डावी-उजवीकडे डुलत राहतो. चित्र तपासायला लागणारा वेळ हा दोष आणखी वाढवतो. अशा वेळी गुणक किंवा मूळ वेग कमी करावा.

चेंडू जवळ येतो तशी वर्तुळाची त्रिज्या वाढते. ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की मोटर थांबवतात. चेंडू दिसेनासा झाल्यास तो शेवटी ज्या बाजूला दिसला, तिकडे रोबोने जागेवर सावकाश फिरणे योग्य.

सर्वाधिक त्रास कॅमेरा स्वतःच देतो. समोर लाल रंग वाढला की त्याचे स्वयंचलित रंगसंतुलन सगळ्या छटा सरकवते आणि चेंडू जवळ येताच डाग तुटू लागतो. रंगसंतुलन आणि एक्स्पोजर स्थिर करून, जिथे रोबो चालवायचा त्याच उजेडात मर्यादा ठरवाव्यात. तरीही लाल सदरा घातलेला माणूस समोर आला, तर रोबो त्याच्याकडे वळणारच, कारण या पद्धतीला फक्त रंग कळतो. डाग गोल आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते.