कार्यालयाचे भाडे आणि घड्याळ

घरात कार्य ठरले, की वडील मंडळी पहिल्याने पंचांग काढतात आणि दुसऱ्याने मंगल कार्यालयाची चौकशी करतात. पूर्वी वाड्याच्या चौकात मांडव पडे. वेळ आपली, जागा आपली, आणि मांडव चार दिवस उभा राहिला तरी कोणी हिशेब विचारीत नसे. आता वाडे राहिले नाहीत आणि कार्य भाड्याच्या जागेत करणे प्राप्त झाले. वसमतेसारख्या तालुक्याच्या गावीही हीच रीत पडली आहे. परंतु भाडे ठरविताना आपण दिवसाचा दर विचारून थांबतो, आणि हा दिवस कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे विचारण्याचे राहून जाते. पुढील सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

कित्येक कार्यालयांत आता दोन दर असतात : सोमवार ते शुक्रवार एक, आणि शनिवार-रविवारचा त्याहून चढा. पुण्यामुंबईस नोकरीवर असलेल्या आप्तांना सुटीच्याच दिवशी येणे सोयीचे, म्हणून रविवारास मागणी अधिक, हे उघड आहे. मात्र आपल्याकडे वारापेक्षा तिथी बलवत्तर असते. दाट लग्नतिथीचा बुधवार पुष्कळदा रविवारच्याच दराने मिळतो. म्हणून “आडवाराचा दर काय?” असे मोघम न विचारता, पंचांगातील नेमकी तारीख सांगून त्या तारखेचा दर विचारावा.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, वसमतेतील एका कुटुंबात मुलीचे लग्न आहे. कार्यालयाचे भाडे आडवारी 30,000 रुपये व रविवारी 40,000 रुपये. आदल्या दिवशी सायंकाळी 6 पासून लग्नाच्या दिवशी सायंकाळी 6 पर्यंतचे चोवीस तास म्हणजे एक दिवस. आपल्या पद्धतीस ही मोजणी सोयीची आहे, कारण सीमांतपूजन आदल्या सायंकाळी असते. साफसफाईचे 3,000, सजावटीचे 18,000, आणि मुदत उलटल्यावर दर तासास 1,500 रुपये; तासाचा काही भाग झाला तरी पूर्ण तास धरावयाचा.

बुधवारचा मुहूर्त गोरज, म्हणजे सायंकाळी 6 वाजून 50 मिनिटांचा. रविवारचा दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा. दहा हजारांची बचत पाहून घरची मंडळी साहजिकच बुधवारकडे झुकतात. परंतु गोरज मुहूर्त लागण्यापूर्वीच भाड्याची मुदत संपलेली असते! सप्तपदी, पंगती, पाठवणी आणि सजावट उतरविणे, एवढे होता होता रात्रीचे 11 वाजतात. पाच तासांचे 7,500 रुपये वाढले. बुधवारची बेरीज 58,500 आणि रविवारची, जेथे पंगती तीनपर्यंत उठून साडेपाचास जागा मोकळी होते, तिची 61,000. दहा हजारांची बचत अडीच हजारांवर आली. कार्यालयाचा मालक वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असल्यास ह्या सर्व रकमांवर शेकडा 18 प्रमाणे कर पडतो. मग बुधवारचे 69,030 आणि रविवारचे 71,980 होतात.

ह्यातील नाडी ही, की जादा वेळ पाहुणे गेल्यावर थांबत नाही. किल्ली परत दिल्यावर थांबतो. नवरी सासरी निघाली तरी व्यासपीठावरील कमान, झालरी, फुलांच्या माळा आणि खुर्च्या तेथेच असतात. सजावट करणारा पहाटे येऊन उतरवीन म्हणतो, आणि ते तास आपल्या नावावर चढतात. म्हणून सजावटीचा ठराव करताना चढविणे व उतरविणे ह्या दोहोंच्या वेळा त्यातच लिहून घ्याव्यात. कार्यालयाखेरीज बाहेरचा सजावट करणारा आणल्यास वेगळी रक्कम द्यावी लागते काय, आणि भिंतीस खिळा वा चिकटपट्टी चालते काय, हेही तेव्हाच विचारावे. रंग निघालेल्या भिंतीचे पैसे पुढे अनामतीतून कापले जातात.

शिवाय पैसे मोजूनही जादा वेळ मिळेलच असे नाही. तिथी लागोपाठ असल्यास सायंकाळी 6 वाजता दुसऱ्या घरचे सीमांतपूजन दारात उभे असते. रात्री दहानंतरचा वेळ विकत घेतला तरी उघड्या अंगणात वाजंत्री वा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ह्या वेळेत त्यास मनाई केली आहे.

साफसफाईची रक्कम लहान दिसते, पण ती नेहमीच्या केरवाऱ्याची असते. डागांची नव्हे. आणि वसमत ही तर हळदीची पेठ! हळद लावण्याचा विधी दिवाणखान्याच्या फरशीवर झाला, की पिवळे डाग पडतात. घाईने कोणी साबणाचे पाणी ओतले तर ते तांबडे होतात. हळदीस चुना लागला की कुंकू होते, हे आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांस ठाऊकच आहे. साबणातील क्षारही तेच करतो. हळदीचा रंग उन्हाने विटतो, परंतु आतील फरशीस ऊन कोठले? यास्तव हळद अंगणात लावावी, वा खाली जाड जाजम घालावे. कार्य सुरू होण्यापूर्वी मुनिमास बरोबर घेऊन फरशी, भिंती व विजेच्या मीटरचा आकडा पाहून ठेवावा. म्हणजे जुना डाग आपल्या माथी येत नाही आणि वीज मीटरप्रमाणे असल्यास युनिटांचाही वाद राहत नाही.

मग आमच्या उदाहरणातील कुटुंबाने काय करावे? भाव पाडण्यापेक्षा वेळ सरकविण्याची विनंती करावी. सीमांतपूजन लग्नाच्याच दिवशी दुपारी ठेवण्यास व्याह्यांची संमती असेल, तर बुधवारी सकाळी 8 पासून गुरुवारी सकाळी 8 पर्यंतचे चोवीस तास मागावेत. गुरुवारी दुसरे कार्य नसल्यास मालकास त्यात तोटा नाही, आणि जादा तासांचे 7,500 रुपये वाचतात. बेरीज 51,000 वर येते, आणि आता दहा हजारांची बचत खरी ठरते. वऱ्हाडाच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय मात्र अन्यत्र पाहावी लागेल, तिचा खर्च ह्यातून वजा करूनच निर्णय करावा.

एक गोष्ट मात्र एकत्र कुटुंबाने विसरू नये. घरात वृद्ध माणसे असतात. ऐनवेळी सुतक आले तर कार्य पुढे ढकलणे भाग पडते. अशा वेळी दिलेली रक्कम पुढील तारखेस वळती होईल की बुडेल, आणि तो दर जुना राहील की नवा, हे पावतीवर लिहिलेले असावे. दुःखाच्या घरातून उठून कोणाही कर्त्या पुरुषास मुनिमाशी घासाघीस करावयास जावे लागू नये. पावतीवरील दोन ओळी हे काम आधीच करून ठेवतात.