अकरावी सायन्सच का?

दहावीला गणितात चांगले गुण मिळाले आणि मुलीला इंजिनिअर व्हायचं आहे, एवढं कळलं की घरचा निर्णय आपोआप होतो. अकरावी सायन्स, सीईटीचा क्लास, मग इंजिनिअरिंग. मामाचा मुलगा असाच गेला, शेजारच्यांची मुलगीही. दुसऱ्यांच्या वाटेकडे बघून आपली वाट ठरवायची, अशी ही पद्धत. बऱ्याचदा ती चालूनही जाते. पण त्या वाटेवरचं काय खरोखर आवश्यक आहे आणि काय फक्त रूढ झालंय, हे त्यातून कळत नाही.

मुळापासून विचार करायचा म्हणजे निष्कर्ष थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि तो ज्या विधानांवर उभा आहे ती एकेक करून कागदावर लिहायची. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हा नियम आहे, हिशोब आहे, की कुणीतरी म्हटलंय म्हणून आपण धरून चाललोय? नियम वाचून पाहता येतो, हिशोब करून पाहता येतो. तिसऱ्या गटातलं मात्र तपासल्याशिवाय धरायचं नाही.

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचंय. दहावीला ८५ टक्के आहेत. घरच्यांच्या बोलण्यातून चार विधानं निघतात: डिग्रीसाठी बारावी लागतेच, डिप्लोमाला वर्षं जास्त जातात, डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी असतो, आणि डिप्लोमावाल्याला पुढे डिग्री जड जाते.

पहिलं विधान नियमाचं आहे, म्हणून नियम पाहायचा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा करता येतो. त्याच्या गुणांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि त्याला सीईटी लागत नाही. म्हणजे डिग्रीसाठी बारावी हाच एक रस्ता नाही.

दुसरं विधान हिशोबाचं. बारावीच्या वाटेने २ अधिक ४, एकूण ६ वर्षं. डिप्लोमाच्या वाटेने ३ अधिक ३, तीही ६. वर्षं सारखीच, फरक मधल्या टप्प्यात आहे. घरची परिस्थिती अचानक बदलली तर डिप्लोमावालीच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेर एक तांत्रिक पदविका असते. कारखान्यात किंवा कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीत तिचा उपयोग होतो. नुसत्या बारावी सायन्सवर असं दार सहसा उघडत नाही.

तिसरं विधान ऐकीव आहे. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये हव्या त्या शाखेसाठी बरेच गुण लागतात. गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी पाहिली की या विधानाचा निकाल लागतो.

चौथ्यात मात्र तथ्य आहे. डिप्लोमातून येणारे डिग्रीचं पहिलं वर्ष करत नाहीत, त्यामुळे तिथलं गणितही त्यांचं झालेलं नसतं. डिप्लोमातलं गणित बहुतांशी सुरुवातीलाच संपलेलं असतं. दुसऱ्या वर्षात गणित-३ आणि त्यातलं लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर आलं की अनेकजण अडखळतात. यावर उपाय आहे: डिप्लोमा चालू असतानाच कॅल्क्युलसचा सराव सुरू ठेवायचा. पण हे काम आधी ठरवून करावं लागतं.

यादीत नसलेलं एक विधान इथे पुढे येतं. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात. मंजूर जागांच्या साधारण १० टक्के जादा आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या, एवढ्याच. नावाजलेल्या महाविद्यालयात ६० जणांची तुकडी पूर्ण भरलेली असेल, तर हिच्यासारख्यांसाठी सुमारे ६ जागा. त्यामुळे नामांकित महाविद्यालय हेच ध्येय असेल, तर बारावीच्या वाटेला खरोखर वजन आहे. आयआयटीत पहिल्या वर्षाला जायचंय किंवा डॉक्टर व्हायचा विचार अजून मनात आहे, तरीही बारावीच सोयीची.

एवढं झाल्यावर घरातला प्रश्न बदलतो. ‘सायन्स की डिप्लोमा’ हा वाद उरत नाही, दोन ठोस प्रश्न उरतात. मेकॅनिकलच करायचं हे पंधराव्या वर्षी कितपत पक्कं आहे? आणि महाविद्यालयाचं नाव मोठं, की तीन वर्षांनी हातात कमाईची सोय असणं मोठं? यांची उत्तरं कुठल्याही नियमात सापडत नाहीत, ती त्या मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी द्यायची. पहिल्याचं उत्तर डळमळीत असेल तर शेवटी अकरावी सायन्सच ठरेल. फक्त ते मामाच्या मुलाकडे बघून ठरलेलं नसेल, आणि सीईटीच्या क्लासला भरलेले पैसे नेमके कशासाठी, हे घरात प्रत्येकाला सांगता येईल.