माणसं कुठे उभी होती?

सप्टेंबर २०२३ मध्ये, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, दोन राज्यांत जवळपास एकसारखे अपघात घडले. ११ तारखेच्या पहाटे तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात, नाट्रमपल्लीजवळ, कर्नाटकातली सहल आटोपून परतणारी एक व्हॅन बंगळूरू-चेन्नई महामार्गावर पंक्चर झाली. चाक बदलून होईपर्यंत काही बायका खाली उतरल्या आणि व्हॅनच्या पुढे, दुभाजकावर बसल्या. मागून आलेला छोटा ट्रक उभ्या व्हॅनवर आदळला, व्हॅन पुढे ढकलली गेली आणि सात जणींचा मृत्यू झाला. १३ तारखेला राजस्थानात भरतपूरजवळ, जयपूर-आग्रा महामार्गावरच्या पुलावर, गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यातून मथुरेला निघालेली यात्रेची बस बंद पडली. चालक आणि काही प्रवासी उतरून बसच्या मागे उभे होते. पहाटेच्या अंधारात मागून ट्रेलर आला. किमान ११ यात्रेकरू गेले.

दोन्हीकडे बिघाड असा होता की त्याने कुणाला खरचटलंही नसतं. माणसं गेली ती उभ्या गाडीच्या मागे किंवा पुढे असल्यामुळे.

यात्रा कंपन्यांमध्ये बस बंद पडली की टूर मॅनेजरने अहवाल द्यायचा असतो. बहुतेक अहवालांत बसचा नंबर, बिघाडाचं कारण, दुसरी बस किती वाजता आली आणि शेवटी ‘प्रवाशांची योग्य ती काळजी घेण्यात आली’ असं एक वाक्य असतं. त्या वाक्यातून पुढच्या मॅनेजरला काहीच कळत नाही. उपयोगी अहवाल मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेला असतो आणि बस थांबल्यानंतर कोण कुठे होतं, हे त्यात सर्वांत आधी येतं. असा अहवाल कसा दिसेल, हे एका कल्पित रात्रीवरून पाहू.

समजा, तुळजापूर-अक्कलकोट करून ४४ यात्रेकरूंची एसी बस सोलापूर-पुणे महामार्गाने परतते आहे. निम्म्याहून अधिक प्रवासी साठी ओलांडलेले. टेंभुर्णी मागे पडली आहे आणि रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर सरकू लागतो. दोन्ही एकदम झालं की अनुभवी चालक ओळखतो, फॅन बेल्ट तुटला. अनेक बसगाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा गेला की बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि इंजिनात पाणीही खेळत नाही.

इंजिन बंद करावंच लागणार, पण त्याआधी चालकाच्या हातात काही मिनिटं असतात. समोर भीमेचा पूल आहे. पुलावर साइडपट्टी अरुंद आणि कठड्यापलीकडे नदी, म्हणजे प्रवाशांना उतरवायला जागाच नाही. म्हणून तो वेग कमी करून, इंजिन तापत असतानाही, पूल ओलांडतो आणि रुंद मातीची साइडपट्टी मिळाल्यावर बस जमेल तितकी डावीकडे घेतो. यात इंजिनाचं हेड गॅस्केट जाऊ शकतं आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. अहवालात याची नोंद ‘१.१४, पूल ओलांडून थांबलो, त्यामुळे इंजिन जास्त तापलं’ अशी स्पष्ट हवी. मालकाने तो खर्च चालकाच्या पगारातून कापला, तर पुढच्या वेळी तोच चालक पुलावर थांबेल.

आता चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक ओढलेला आणि पुढची चाकं डावीकडे वळवलेली. अल्टरनेटर बंद असल्याने बसकडे आहे ती फक्त बॅटरीतली वीज. टीव्ही, एसीचे ब्लोअर, रंगीत दिवे ताबडतोब बंद करायचे. इंडिकेटर आणि आतले एक-दोन दिवे राहू द्यायचे. ते तासन् तास चालू शकतात, बाकीच्यांनी बॅटरी ओढली नाही तरच.

मग लाल परावर्तक त्रिकोण. तो बसच्या चार पावलं मागे ठेवलेला नेहमी दिसतो, पण त्याचा फारसा उपयोग होत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक सेकंदाला सुमारे २२ मीटर कापतो. चालकाला काहीतरी दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दोन सेकंद गेलेले असतात आणि भरलेला ट्रक थांबायला त्यानंतरही बरंच अंतर घेतो. त्रिकोण ५० मीटरवर असला, तर एवढं सगळं व्हायला सव्वादोन सेकंद मिळतात. १०० मीटरवर असला, तर साडेचार. म्हणून एक त्रिकोण शंभर मीटर मागे आणि दुसरा मधे ठेवायचा. ठेवायला हेल्पर जातो तो चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून, रस्त्यावरून नव्हे तर कडेच्या मातीतून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. त्रिकोण नाही म्हणून दगड मांडायची आपल्याकडे सवय आहे. ते दगड बस गेल्यावरही तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराला नडतात.

आता ४४ माणसं. एसी बसच्या काचा उघडत नाहीत आणि इंजिन बंद झालं की आत लवकरच कोंदट होतं. थोड्याच वेळात लोक आपणहून उतरू लागतात. कुणी बिघाड बघायला मागे जातं, कुणी सिगारेट ओढायला पुढे, कुणी पलीकडच्या हॉटेलात चहा मिळेल म्हणून रस्ता ओलांडायला निघतं. म्हणून मॅनेजरने दार उघडण्याआधीच जागा ठरवायची. जागा डावीकडची, लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडची, रस्त्यापासून शक्य तितकी लांब आणि बसच्या थोडी मागच्या बाजूला. मागच्या बाजूला अशासाठी की धडक बसली तर बस पुढे फेकली जाते. त्रिकोण ठेवून झाल्यावर आणि जागा टॉर्चने पाहून आल्यावर, मॅनेजर आधी उतरतो आणि लोकांना मोजत एका ओळीत कडेने नेतो. तिथे सतरंज्या आणि शाली. यादी वाचून हजेरी, आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाला पुन्हा.

प्रत्येकाला कठडा ओलांडता येईल असं नाही. गुडघे बदललेल्या आजींना किंवा अर्धांगवायू झालेल्या काकांना अंधारात उचलून नेताना पडण्याचा धोका असतो. बस पूर्णपणे रस्त्याबाहेर असेल, तर अशांना मधल्या आसनांवर, मागच्या रांगांपासून दूर बसवणं त्यातल्या त्यात बरं. बसचा काही भाग रस्त्यावर असेल, तर मात्र चार जणांनी मिळून त्यांना बाहेर काढायलाच हवं. यातला कुठला निर्णय घेतला आणि का, हे अहवालात लिहायचं.

पहिला फोन महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर करायचा. रस्ता अडत असेल, तर ११२ वरही. ‘इंदापूरच्या अलीकडे कुठेतरी’ एवढ्यावर गस्तीची गाडी वेळेत पोहोचत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटर आकडा, पुण्याकडे जाणारी बाजू, मागे पडलेला टोलनाका, प्रवाशांची संख्या आणि बसचा किती भाग रस्त्यावर आहे, या पाच गोष्टी सांगितल्या की पुन्हा फोन करावा लागत नाही. घरच्यांसाठी मॅनेजरने ग्रुपवर एकच संदेश टाकायचा आणि नवीन काही नसलं तरी ठरलेल्या वेळी पुढचा. नाहीतर एकाच वेळी अनेक मोबाइलवर वेगवेगळ्या बातम्या जातात आणि कुणाचा तरी मुलगा पुण्याहून रात्रीच गाडी काढून निघतो.

पाऊण तास झाला की दोन अडचणी पुढे येतात. पहिली लघवीची. बायका संकोचाने बोलत नाहीत आणि मग एकेकटीच अंधारात जाते. टॉर्च घेऊन तिघी-चौघींनी मिळून, रस्त्याच्या उलट दिशेला आणि आडोशाला चादर धरून जायचं, हे मॅनेजरने आपणहून सांगायला हवं. गस्तीची गाडी आली की तिच्यातून आधी वयस्क महिलांना सरडेवाडी टोलनाक्यावर पोहोचवता येईल का, ते विचारायचं. तिथे उजेड आणि स्वच्छतागृह असतं.

दुसरी अडचण मधुमेहाची. यात्रेत अनेकांचा उपवास असतो. गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतलेलं, जेवण मात्र साबुदाण्याच्या चार घासांचं किंवा तेही नाही. रात्री साखर उतरते. घाम, थरथर, धडधड, आणि असंबद्ध बोलणं. आजूबाजूचे म्हणतात, घाबरलेत बिचारे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि फरक नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर बिस्किटं किंवा पोळी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

इथे एक साधी गोष्ट आड येते. औषधं बहुधा मोठ्या बॅगेत असतात आणि ती बॅग डिकीत. मग कुणीतरी बसच्या मागे वाकून सामान उपसतं, म्हणजे भरतपूरला जिथे लोक उभे होते नेमकं तिथे. म्हणून निघण्यापूर्वीच्या सूचनांत औषधं हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितलेलं असावं, आणि नोंदणीच्या अर्जावर घरच्यांच्या फोनशेजारी आजार आणि गोळ्यांची नावं.

दुसरी बस आल्यावर घाई होते. ती बंद बसच्या शेजारी नाही, तर पुढे बरंच अंतर सोडून डावीकडे उभी करायची. लोकांनी कडेनेच चालत जायचं, चढताना मोजायचं. सामान नंतर, दोनच माणसांनी, एकाने मागच्या वाहनांवर नजर ठेवून काढायचं. सामान त्याच रात्री हलवणं धोक्याचं वाटलं, तर ते दुसऱ्या दिवशी पोहोचेल असं सांगावं. कुरकुर होईल, ती सोसावी.

अहवाल चोवीस तासांच्या आत लिहिला तर वेळा आठवणीत असतात. तुटलेला पट्टा जपून ठेवायचा आणि तो शेवटचा कधी बदलला, ते गॅरेजच्या नोंदीतून उतरवायचं. सुटा पट्टा बसमध्ये होता का? होता, तर तो बदलायला लागणारा पाना होता का? त्याबरोबर दोन्ही चालकांचे कामाचे तास लिहायचे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी सर्वसाधारण मर्यादा होती. मदतीला आलेल्या बसचा चालक बहुधा दिवसभर दुसरी फेरी करून झोपलेला असतो आणि त्याला उठवून पाठवलेलं असतं. पहाटे तीनला तेच ४४ प्रवासी त्याच्या मागे बसतात. त्यामुळे तो त्याआधी किती तास चाकावर होता, ही नोंद अहवालात बिघाडाच्या कारणाइतकीच ठळक हवी. त्याची झोप पुरी झाली नसेल, तर लोकांना टोलनाक्यापर्यंतच नेऊन, उजेड होईपर्यंत तिथे थांबवायचा अधिकारही मॅनेजरला लेखी दिलेला असावा.