वीस सेकंदांत किती मराठी मावते?

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी जी सावधगिरीची सूचना धावत जाते, तिच्यासाठी सेबीने एक उदाहरण घालून दिले आहे. १४ शब्दांची सूचना किमान ५ सेकंद चालली, तर ती स्पष्ट आणि समजण्याजोगी मानता येईल. मूळ इंग्रजी सूचनेत बरोबर १४ शब्द आहेत.

आता तीच सूचना मराठीत म्हणून पाहा : ‘म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.’ शब्द १३, म्हणजे एक कमीच. तरीही ५ सेकंदांत ती नीट म्हणून होत नाही. शब्दांऐवजी उच्चारातली अक्षरे मोजली की कारण कळते. लिहिताना ‘बाजारातील’मध्ये पाच अक्षरे दिसतात, पण तोंडातून बा-जा-रा-तील अशी चारच निघतात. या हिशेबाने इंग्रजी सूचना २६ अक्षरांची आहे आणि मराठी सुमारे ३९ अक्षरांची. इंग्रजीच्याच चालीने, म्हणजे सेकंदाला पाचाहून थोडी जास्त अक्षरे धरून वाचली, तर मराठी सूचनेला साडेसात सेकंद लागतात.

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत अनेक शब्दांत सुटे सांगितलेले आपण ‘दुकानासमोरच्या’ एवढ्या एका शब्दात सांगतो. त्यामुळे इंग्रजी संहितेची शब्दसंख्या मराठीला लावली, की मजकूर वेळेबाहेर जातो. जाहिरातीच्या मराठीत एका शब्दामागे पावणेतीन ते तीन अक्षरे पडतात. म्हणून ठसठशीत, पण घाई नसलेल्या वाचनासाठी सेकंदाला पावणेदोन शब्द हा अंदाज हाताशी ठेवावा.

मात्र हा अंदाज जाहिरातीच्या लांबीला नाही, बोलण्याच्या वेळेला लावायचा. समजा, कोल्हापुरातल्या एका साडीच्या दुकानाची २० सेकंदांची रेडिओ जाहिरात आहे. सुरुवातीच्या संगीताला अर्धा सेकंद, शेवटच्या जिंगलला २ सेकंद आणि वाक्यांमधल्या विरामांना मिळून दीड सेकंद काढून ठेवले, तर बोलायला १६ सेकंद उरतात. मालकांना शेवटी मोबाइल नंबरही हवा आहे. दहा आकडे ऐकणाऱ्याला टिपता येतील असे गट पाडून म्हणायचे, तर साडेचार सेकंद जातात. उरले साडेअकरा.

संहिता अशी आहे : ‘या दिवाळीत घरातल्या प्रत्येकीसाठी तिच्या मनासारखी साडी! पैठणी, इरकल, नारायणपेठ, किंमत ₹१,४९९ पासून. महाद्वार रोडवरच्या आमच्या दुकानात १० नोव्हेंबरपर्यंत २०% सूट.’

संगणक यात २१ शब्द मोजतो. पण वाचणारी व्यक्ती ‘₹१,४९९ पासून’ हे ‘चौदाशे नव्व्याण्णव रुपयांपासून’ असे म्हणणार आणि ‘२०%’चे ‘वीस टक्के’ करणार. म्हणजे तोंडी शब्द २३ झाले. अक्षरे मोजली तर ती ६३ च्या आसपास भरतात. एकट्या किमतीतच ११ आहेत, म्हणजे दोन सेकंद. म्हणून मोजणीआधी प्रत्येक आकडा, चिन्ह आणि संक्षेप अक्षरी लिहून घ्यावा. ६३ अक्षरांना सुमारे १२ सेकंद लागतात, आणि आपल्याकडे साडेअकराच आहेत. ‘घरातल्या’ काढला की तीन अक्षरे, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त, वाचतात आणि मजकूर बसतो. अर्थ कुठेच ढळत नाही.

पण हा काठोकाठ बसलेला हिशेब आहे. मालकांनी ‘दुकान रविवारीही उघडे’ एवढे वाढवायला सांगितले, तर जागा कुठून काढायची ते आधी ठरवावे लागेल. अशा वेळी नंबर वगळणे सगळ्यांत फायद्याचे, कारण त्याच्या जागी सात-आठ शब्द येतात, आणि दुकानाचा पत्ता तर मजकुरात आहेच.

हे न करता मजकूर कोंबला, तर रेकॉर्डिंगनंतर श्वास कापले जातात किंवा आवाजाचा वेग वाढवला जातो. त्याची खूण आधी जोडाक्षरांत दिसते. ‘नव्व्याण्णव’ आणि ‘नव्वद’ यांतला फरक पुसट होतो, ‘पर्यंत’चा शेवट गिळला जातो. ऐकणाऱ्याला किंमतही कळत नाही आणि तारीखही.

शेवटची खात्री घड्याळावरच करावी. मनातल्या मनात वाचले तर वेळ नेहमीच कमी भरते, म्हणून संहिता मोठ्याने, जाहिरातीच्याच सुरात वाचावी. संहिता माहीत नसलेल्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावी, फोनवर रेकॉर्ड करावी आणि जो वेळ जास्त आला तो धरावा. कलाकार निवडल्यावर त्यांच्याकडून एक कच्चे वाचन मागवावे, कारण प्रत्येकाची चाल वेगळी असते. छाटणी करायची ती त्या वाचनानंतर, स्टुडिओचे तास सुरू होण्याआधी.