भिंत सरकली, तार तशीच

ऑफिसातल्या मीटिंग रूमची भिंत दहा फूट सरकवली, की साध्या वायरिंगमध्ये छत उघडावं लागतं. कोणत्या बटणावर कोणता दिवा, हे तिथं तारच ठरवते. डाली पद्धतीत ही नोंद दिव्याच्या ड्रायव्हरमधल्या मेमरीत असते.

मजल्यावर ४८ दिवे आहेत असं धरू. विजेच्या तारांखेरीज सगळ्या ड्रायव्हरना दोन तारांची एक सामाईक लाइन जोडलेली असते. तिच्यावर ० ते ६३ असे ६४ पत्ते मावतात, म्हणून एक लाइन पुरते. ग्रुप १६ असतात आणि एक दिवा एकाहून जास्त ग्रुपमध्ये असू शकतो. भिंतीच्या आत आलेले चार दिवे ‘मोकळी जागा’ ग्रुपमधून काढून ‘मीटिंग’मध्ये टाकले, की झालं.

सीनही ड्रायव्हरमध्येच साठतात, १६पर्यंत. एकच आदेश येतो. पडद्याजवळचे दिवे विझतात, टेबलावरचे मंदावतात.

कुरबुर होते ती सेन्सरवरून. इन्फ्रारेड सेन्सर उष्ण शरीराची हालचाल टिपतो. स्तब्ध बसून वाचणारा माणूस त्याला दिसत नाही आणि डोक्यावरचा दिवा जातो. मग हात हलवावे लागतात! शेवटच्या हालचालीनंतरची प्रतीक्षा पाचऐवजी पंधरा-वीस मिनिटं ठेवावी, आणि दिवा बंद होण्याआधी थोडा वेळ मंद व्हावा, म्हणजे इशारा मिळतो.

सगळे दिवे एकाएकी पूर्ण उजळले आणि बटणं दाद देईनाशी झाली, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या असाव्यात किंवा लाइनचा पॉवर सप्लाय गेला असावा. अशा वेळी पूर्ण प्रकाश द्यायचा, अशीच ड्रायव्हरची मूळ सेटिंग असते.