चार सूत आणि बारा एमएम

६२०४ नंबरचं बेअरिंग त्या साखर कारखान्याच्या यादीत नऊ वेळा होतं. त्यातली ही सहा:

```
BALL BRG 6204 ZZ
BEARING 6204ZZ
6204 - 2Z BRG
Brg.6204 zz (MOTOR)
BERING NO 6204
BEARING 6204 ZZ C3
```

नऊ नावं, नऊ कोड, नऊ शिल्लक. गव्हाणीजवळची मोटर बंद पडली की स्टोअरचा क्लार्क पहिलाच कोड बघायचा, तिथे शून्य दिसायचं आणि तो खरेदीला मागणी लावायचा. माल मात्र आठव्या कोडाखाली पडून असायचा, त्याच रॅकवर, हातभर अंतरावर.

आमचं काम होतं हा सगळा आयटम मास्टर धुऊन नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन ठेवणं. मुदत गाळप सुरू होण्याआधीची. ऑफ सीझनमध्ये कारखाना उघडून बसलेला असतो, पंप खोललेले, मिलचे रोलर बाहेर आणि स्टोअरच्या खिडकीवर फिटरांची रांग. त्या रांगेच्या मागे एका टेबलावर आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसायचो आणि समोर स्टोअरकीपर तात्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं थोडं, चष्मा कायम कपाळावर.

ही नावं अशी का वाढतात, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शोध फक्त नावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवर चालायचा. ज्याने `BALL BRG` लिहिलं होतं त्याला `BEARING`ने सुरू होणारा माल कधी दिसायचाच नाही. गेटवर टेम्पो उभा, ड्रायव्हर पावतीसाठी घाई करतोय, आयटम सापडत नाही. मग नवा कोड काढायला अर्धा मिनिट पुरतो. लोक याला निष्काळजीपणा म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. सापडत नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

बेअरिंगच्या नऊ नावांवर आमची पहिली परीक्षा झाली. मी उत्साहाने नऊही एकत्र केली होती. तात्यांनी प्रिंटआउट घेतला, पेन्सिलीने चार नावांना कंस केला आणि बाकीची बाहेर काढली. ‘झेड झेड’ आणि ‘टू झेड’ ही एकच गोष्ट, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. कंपनीगणिक लिहायची पद्धत वेगळी. पण शेवटचं ‘सी थ्री’ हे वेगळं बेअरिंग. त्यात आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असते, कारण मोटर तापली की आतली कडी फुगते. तिथे साधं बेअरिंग घातलं तर ते आवळून बसू शकतं. आणि नुसतं ‘६२०४’ लिहिलेल्या पाचव्या ओळीत काय होतं ते यादी सांगूच शकत नव्हती. आम्ही रॅकवर गेलो. खोक्यात रबरी झाकणाची तीन आणि उघडी दोन निघाली.

“नंबर नुसता माप सांगतो साहेब,” तात्या म्हणाले. “बेअरिंग कळतंय शेपटावरनं.”

पण खरा किस्सा नटाचा आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

हजारो ओळी डोळ्यांनी जुळवणं अशक्य, म्हणून मी नेहमीची युक्ती केली होती. प्रत्येक नावातली मोकळी जागा, आडवी रेघ, तिरकी रेघ काढून टाकायची, सगळी अक्षरं मोठी करायची आणि उरलेला सांगाडा जिथे सारखा दिसेल तिथे डुप्लिकेट समजायचं.

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"-",""),"/",""))
```

सूत्र छान चाललं. `V-BELT B 52`, `V BELT B-52`, `v belt b52` अशा ओळी पटापट एका रांगेत येऊन बसल्या. दोन दिवसांत यादी चांगलीच आटली. मी खूश, कारखान्याचे अकाउंटंट खूश. मग स्टोअरमध्ये मोजणीसाठी नव्या याद्या वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दोन्ही मुठी मिटून टेबलाशी आले. एका मुठीत नट, दुसरीत बोल्ट.

“ह्यो नट त्या बोल्टाला लावून दावा की.”

मी लावायला गेलो. नट बोल्टाच्या तोंडाशीच अडला. जोर केला तरी आत जाईना.

“तुमच्या यादीत दोन्ही एकच झाल्यात,” एवढं बोलून ते खिडकीकडे गेले.

मी सूत्र उघडून बघितलं आणि कान तापले. `HEX NUT 1/2` मधली तिरकी रेघ काढली की राहतं `HEXNUT12`. आणि `HEX NUT-12` चंही तेच होतं, `HEXNUT12`. अर्ध्या इंचाचा नट आणि बारा मिलिमीटरचा नट मी एका कोडात घातले होते.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. फरक पाऊण मिलिमीटरच्याही आतला, डोळ्यांना दिसणारा नाही. खरी गोम आट्यांत असते. एम १२ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिमी, अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टाला इंचात १२ आटे, म्हणजे अंतर २.१२ मिमीच्या जवळ. आट्यांचा कोनही निराळा, एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. एम १२ चा नट इंची बोल्टावर चढत नाही ते दिसतं तरी. उलट केलं तर जास्त वाईट: इंची नट एम १२ वर ढिला बसतो, एखाद-दुसरा आटा पकडतो आणि मग अडतो, आणि घाईत असलेल्या माणसाला वाटतं की बसला.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच आला. पण जुन्या यंत्रांचे बोल्ट इंचातलेच आहेत, आणि फिटरची भाषा तर त्याही मागची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे अर्ध्या इंचाचा नट मागणीच्या चिठ्ठीवर ‘चार सूत’ म्हणून येतो, आणि यादीत आम्हाला पुढे `NUT 4 SUT` असाही एक कोड मिळाला. तो माझ्या सूत्राने कशाशीच जुळवला नव्हता. म्हणजे जे वेगळं ते एक झालं होतं आणि जे एक होतं ते वेगळंच राहिलं होतं.

इंची मापांनी आणखी एक गंमत केली होती. मापाचा रकाना एक्सेलमध्ये आणताना `5/8` चं त्याने `05-Aug` करून ठेवलं आणि `3/4` चं `03-Apr`. पाच सुती नट ऑगस्टात जमा झाले! रकाना आधी टेक्स्ट करून घेतला असता तर हे टळलं असतं. मी नाही केला.

मग सगळं परत. तिरकी रेघ काढायची नाही, तिच्या जागी `BY` घालायचं, म्हणजे अर्ध्या इंचाचा सांगाडा `HEXNUT1BY2` होतो. नाव, माप, मापाची जात आणि आटे असे चार रकाने वेगळे. आणि सूत्राने जोड्या फक्त सुचवायच्या. कोड एकत्र करण्याआधी त्या ओळीसमोर तात्यांची सही. दिवसाला साधारण दीडशे ओळी व्हायच्या. रटाळ काम. पण पिच गेज घेऊन रॅकशी उभं राहिल्यावर असंही निघालं की ‘चार सूत’च्या खोक्यातही दोन जाती आहेत, कारण अमेरिकी पद्धतीच्या अर्ध्या इंचाला इंचात १३ आटे असतात. बहुतेक इंची मापांत दोन्हींच्या आट्यांची संख्या सारखी, नेमकी अर्ध्या इंचातच वेगळी.

आता त्याच नटाची शिल्लक. `HEX NUT-12` समोर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा होता उणे १,१८६. उणे नट स्टोअरमध्ये कसा ठेवतात? आम्ही त्या कोडाचं लेजर काढलं. तीन वेळा जमा, प्रत्येकी २५. एकदा रोखीची किरकोळ जमा १००. खर्ची पडलेले १,३६१. पहिल्या तीन पावत्यांवर दर १३० रुपये, चौथीवर अडीच रुपये.

दराने चोरी पकडून दिली. पुरवठादार नट किलोवर देतो, फिटर नगावर नेतो. २५ किलोची जमा ‘२५ नग’ म्हणून चढली होती. वर त्या काळात ४० नट दिले की १३० रुपयांनी ५,२०० रुपये मिलच्या दुरुस्तीखात्यावर पडायचे. खरी किंमत जेमतेम ९० रुपये.

तात्यांनी काटा आणवला. १०० नट मोजून टाकले, वजन भरलं १ किलो ७२० ग्रॅम. म्हणजे किलोला ५८ नट. तिन्ही जमांचे ७५ किलो म्हणजे सुमारे ४,३६०, त्यात किरकोळीचे १००, वजा १,३६१. असायला हवेत ३,०९९ च्या आसपास. मग अख्खं खोकं वजनाला लावलं. ५३ किलो, म्हणजे ३,०८१. अठरा नटांचा फरक. काट्याच्या चुकीत तेवढा खपतो. उणे १,१८६ च्या मागे इतका सरळ हिशेब दडलेला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येक कोडाचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी खरेदीदर काढून भागाकार केला. भाव वाढून दर दुप्पट होतो, अडीचपट होतो. दहापटीच्या वर गेला की समजायचं, तिथे दोन युनिटं एकमेकांत घुसलीत. वायर गुंडाळीत घेतलेली आणि मीटरमध्ये दिलेली, ग्रीस पिंपात आलेलं आणि किलोत गेलेलं, रबरी पॅकिंग पाकिटातलं, सगळी अशीच सापडली.

वायरचं सोपं होतं: गुंडाळी ९० मीटरची, तो आकडा एकदाच भरला की झालं. नटाला तसं करता येत नाही. बनावट बदलली की वजन बदलतं, झिंकचा मुलामा असेल तर आणखी थोडं वेगळं. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये नटाचं मूळ युनिट नग ठेवलं, खरेदीचं किलो, आणि ५८ हा आकडा पक्का न करता प्रत्येक जमेच्या वेळी शंभर नट वजन करून भरायचा असं ठरलं. क्लार्कने तोंड वाकडं केलं, ते रास्तच होतं. ग्लँड रोप मात्र दोन्हीकडे किलोतच ठेवला. तो कापून, तोलूनच दिला जातो.

जुने कोड आम्ही पुसले नाहीत. खोक्यांवर ते रंगाने लिहिलेले होते आणि लेखापरीक्षकांना मागच्या वर्षांची खाती लागणार होती. जुना कोड, नवा कोड, गुणकाचा आकडा आणि तात्यांची सही असं एक कोष्टक मागे ठेवलं. शिवाय प्रत्येक आयटमला टोपणनावांचा एक रकाना जोडला, त्यात `SUT`, `BRG`, अगदी चुकीचं `BERING`सुद्धा.

गाळप सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री मी स्टोअरमध्ये होतो. एक फिटर चिठ्ठी घेऊन आला: ४ सूत नट, २० नग. क्लार्कने `4 SUT` टाइप केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, एक १२ आट्यांची, एक १३ ची.

“कुठला?” क्लार्कने विचारलं.

फिटरने तेलकट खिशातून बोल्ट काढून खिडकीवर ठेवला. तात्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पिच गेजसाठी हात पुढे केला.